दहा इंचाला किती गोळा?

पिझ्झ्याच्या बहुतेक पाककृतींच्या शेवटी एक ओळ असते: एवढ्या साहित्यात दोन मोठे पिझ्झे होतात. मोठे म्हणजे केवढे, ते लिहिलेलं नसतं. लिहिणाऱ्याचा ट्रे बारा इंची असतो आणि आपल्या ओटीजीत नऊ नाही तर दहा इंचीच मावतो. घरच्या चौघांसाठी करताना हे चालून जातं. पीठ जरा जास्त झालं तर पिझ्झा जाड होतो, कमी पडलं तर पातळ, आणि दोन्ही खाल्ले जातात. वाढदिवसाला सोळा माणसं यायची असली की मात्र हाच अंदाज अंगाशी येतो. पहिले चार पिझ्झे गुबगुबीत, पुढचे चार बरे, आणि शेवटच्या दोघांसाठी परातीत लिंबाएवढी कणीक उरलेली.

आपल्याकडे पोळीची लाटी कुणी तोलून घेत नाही आणि त्याची गरजही नसते. रोज तोच तवा, तीच पोळी, त्यामुळे लाटी केवढी घ्यायची हे हाताला पाठ झालेलं असतं. पण हाताची ही समज एकाच आकारापुरती असते. पोळपाटावर सात इंचाची पोळी करणाऱ्याला अचानक बारा इंचाची करायला सांगितली, तर तो लाटी थोडी मोठी घेईल, फार तर दुप्पट घेईल. प्रत्यक्षात तेवढ्याच जाडीची पोळी हवी असेल तर जवळजवळ तिप्पट लाटी लागते.

याचं कारण शाळेत शिकलेल्या वर्तुळात आहे. गोल वस्तूचा व्यास वाढला की तिचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि पीठ पसरायचं असतं ते क्षेत्रफळावर. दहा इंची आणि बारा इंची पिझ्झ्यात दोनच इंचांचा फरक दिसतो. पण दहाचा वर्ग १०० आणि बाराचा १४४, म्हणजे बारा इंचीला ४४ टक्के जास्त पीठ हवं. पाककृतीतल्या दोन बारा इंची पिझ्झ्यांच्या पिठात नऊ इंची करायचे ठरवले, तर तीन होऊन चौथ्याला निम्म्याहून थोडं जास्त पीठ उरतं. ‘दोनाऐवजी अडीच होतील’ असं मनाशी धरून चालणारा माणूस इथे एक पूर्ण पिझ्झा हिशेबाबाहेर ठेवतो.

पीठ तोलण्यासाठी घरच्या घरी लक्षात ठेवण्याजोगा हिशेब असा: व्यास इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्याची दुप्पट करायची. आलेला आकडा म्हणजे गोळ्याचं ग्रॅममधलं वजन. दहा इंचाला दहा दाहे शंभर, त्याचे दुप्पट २०० ग्रॅम. नऊ इंचाला १६२, आठला १२८, सातला ९८ आणि बाराला २८८. यातून जी जाडी मिळते ती घरगुती ओटीजीतल्या पिझ्झ्याला साजेशी असते: कच्चा असताना सरासरी साधारण साडेतीन मिलिमीटर, आणि भाजून फुगल्यावर दातांना मऊ लागेल पण तुकडा उचलल्यावर लोळागोळा होणार नाही अशी. कुरकुरीत, पापुद्र्यासारखा पातळ हवा असेल तर दोनाऐवजी दीडने गुणायचं, म्हणजे दहा इंचाला १५० ग्रॅम. तेल लावलेल्या खोलगट ट्रेमध्ये केलेला, ब्रेडसारखा जाड हवा असेल तर तीनने, म्हणजे ३०० ग्रॅम. मधल्या आवडीनिवडींना मधले आकडे आहेतच. मेजवानीच्या आधी एकदा एकच पिझ्झा करून आपल्या घरचा आकडा ठरवून टाकला की पुढचं सगळं गुणाकारावर चालतं.

ओटीजीच्या चौकोनी ट्रेमध्ये अख्खा पिझ्झा लावायचा असेल तर लांबी गुणिले रुंदी करून अडीचने गुणा. बारा बाय दहाच्या ट्रेला ३०० ग्रॅम होतात आणि जाडी तीच मिळते. गोल ट्रेचं माप घेताना एक काळजी घ्यायची: कडा तिरप्या असतात, त्यामुळे दुकानात ‘दहा इंची’ म्हणून विकलेला ट्रे तळाशी साडेनऊच भरतो. पीठ तळाशी पसरतं, म्हणून पट्टी तळाला लावा. साडेनऊला १८० ग्रॅमच लागतात. हे वीस ग्रॅम एका पिझ्झ्यात कुणाला कळणार नाहीत, दहा पिझ्झ्यांत मात्र त्यातून आणखी एक पिझ्झा निघतो.

आता प्रश्न असा की दुप्पटच का? अस्सल इटालियन माप का घेऊ नये? ते माप तर चक्क कागदावर उपलब्ध आहे. युरोपीय संघाने २०१० साली नापोलीच्या पारंपरिक पिझ्झ्याची नोंदणी केली, त्या नियमांत गोळ्याचं वजन १८० ते २५० ग्रॅम, पिझ्झ्याचा व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटर आणि काठ एक ते दोन सेंटिमीटर उंच असं स्पष्ट नमूद केलेलं आहे. ३५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ चौदा इंच. तेवढ्या व्यासाला २५० ग्रॅमचा गोळा धरला तर गुणक सव्वाच्या आसपास येतो, आपल्या दोनपेक्षा बराच कमी. मग नापोलीचा पिझ्झा मऊ कसा राहतो?

त्याचं उत्तर त्याच नियमांत पुढे आहे. तिथली भट्टी लाकडावर पेटवलेली असते, तिचा तळ सुमारे ४८५ अंश सेल्सिअसला तापलेला असतो आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. एवढ्या वेळात काठ फुगतो, खालून डाग पडतात, पण आतलं पाणी उडून जायला सवड मिळत नाही. आपला ओटीजी २५० अंशांवर थांबतो आणि त्यात पिझ्झ्याला आठ ते बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ पातळ पीठ गरम हवेत राहिलं की ते वाळतं. वर चीज वितळेपर्यंत खाली खाकरा तयार झालेला असतो. म्हणून आच कमी असेल तिथे पीठ थोडं जास्त घ्यावं लागतं, त्यातला ओलावा भाजण्याची दहा मिनिटं तग धरतो. नापोलीचं माप जसंच्या तसं उचलून ओटीजीत लावणं ही हौशी मंडळींची नेहमीची चूक, आणि ती मंडळी दोष देतात मैद्याला. याची दुसरी बाजूही आहे. पीठ फारच जास्त घेतलं तर वरचं चीज तपकिरी होईपर्यंत मधला भाग शिजतच नाही. साध्या ट्रेवर, मध्ये सॉस घातलेला असताना, अडीचच्या वरचा गुणक घ्यायचा तर आधी बेस पाच मिनिटं नुसता भाजून घेतलेला बरा.

दुप्पटीच्या हिशेबाला एक छोटी दुरुस्ती लागते आणि ती काठामुळे लागते. पिझ्झ्याचा काठ परिघावर असतो, सगळ्या क्षेत्रफळावर नाही. पिझ्झा लहान झाला म्हणून कुणी काठ अरुंद ठेवत नाही, बोटं तेवढीच जाड असतात. पाऊण इंचाचा काठ धरला तर बारा इंची पिझ्झ्याचा साधारण पावभाग काठात जातो, सात इंचीचा मात्र ३८ टक्के, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त. त्यामुळे वर्गाच्या हिशेबाने काढलेला ९८ ग्रॅमचा गोळा सात इंचाला लावला की काठ बराचसा मैदा खाऊन बसतो आणि मधला भाग पातळ पडतो. म्हणून सात-आठ इंचीला पाच ते आठ ग्रॅम जास्त द्यायचे. सातचे १०५ धरा. बारा इंचीला उलट दहा-पंधरा ग्रॅम कमी केले तरी बिघडत नाही.

आता एक मेजवानी घेऊ. दहा मोठी माणसं, सहा मुलं. मोठ्यांसाठी दहा इंची, मुलांना आपापल्या पिझ्झ्यावर आपापलं काय काय घालायला मिळावं म्हणून प्रत्येकी एक सात इंची. पिझ्झा हेच मुख्य जेवण असेल तर मोठ्या माणसाला साधारण १२० ग्रॅम कच्चं पीठ धरावं असं माझं मत आहे. आधी भेळ आणि नंतर केक असेल तर शंभरात भागतं. दहा माणसांचे १२०० ग्रॅम, म्हणजे दहा इंचीचे २०० ग्रॅमचे सहा गोळे. मुलांचे सहा गोळे १०५ ग्रॅमचे, म्हणजे ६३०. दोन्ही मिळून १८३० ग्रॅम. यात तीन टक्के घट मिळवायची, कारण काही पीठ परातीला, हाताला आणि ओट्याला चिकटून राहतंच. म्हणजे १८९० ग्रॅम पीठ भिजवायचं.

एवढं भिजवलेलं पीठ हवं तर मैदा किती? बेकरीत सगळी प्रमाणं मैद्याच्या वजनावर टक्क्यांत मांडतात. मैदा १०० धरायचा. आपल्याकडच्या साध्या मैद्याला पाणी ६०, तेल ३, मीठ २, साखर १ आणि कोरडं इन्स्टंट यीस्ट अर्धा. बेरीज १६६.५. म्हणजे १०० ग्रॅम मैद्याचं साडेसहासष्टी अधिक शंभर, असं भिजवलेलं पीठ होतं. उलट जायचं तर हव्या असलेल्या पिठाला १.६६५ने भागायचं. १८९० भागिले १.६६५ म्हणजे ११३५ ग्रॅम मैदा. त्यावरून पाणी ६८१ ग्रॅम, तेल ३४, मीठ २३, साखर ११ आणि यीस्ट जेमतेम ६. पाणीसुद्धा काट्यावरच तोला, कारण घरातल्या दोन वाट्या कधी सारख्या नसतात. पीठ रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर यीस्ट निम्मं पुरे.

या मेजवानीला मैद्याचं एक किलोचं पाकीट पुरत नाही, १३५ ग्रॅम कमी पडतात. वाण्याकडे जातानाच हे माहीत असलेलं बरं. एरवी एक किलोचं पाकीट हे फार सोयीचं माप आहे: त्याचं १६६५ ग्रॅम पीठ होतं, त्यात दहा इंचीचे आठ गोळे बसतात आणि वरचे ६५ ग्रॅम परातीच्या वाट्याला जातात. अर्ध्या किलोत चार. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेणाऱ्यांनी पाणी ६६ टक्क्यांपर्यंत वाढवावं, कारण कणकेतला कोंडा पाणी पितो. तेव्हा एका किलोचं १७२५ ग्रॅम पीठ होतं. तरी गोळे आठच करा, फक्त २१० ग्रॅमचे. कणकेचा पिझ्झा मैद्याइतका फुगत नाही, दहा ग्रॅम जास्त दिल्याने तो चिवट पापडी होण्यापासून वाचतो.

पीठ भिजवून, चांगलं मळून, तासाभराने फुगलं की ते सगळंच्या सगळं काट्यावर ठेवून एकदा तोला. १८९० हा कागदावरचा आकडा असतो. काट्यावर १८५० ते १८७० येईल. तिथेच कळतं की घट किती झाली आणि सगळ्या गोळ्यांना पुरेल का. मग ओट्यावर पिठाची जाडसर वळकटी करून सुरीने किंवा सरळ धारेच्या उलथन्याने तुकडे पाडायचे. ओढून, तोडून घेऊ नका, त्याने पिठातली जाळी फाटते. पहिला तुकडा बहुधा १८०चा किंवा २३०चा निघतो, तिसऱ्या-चौथ्यापासून हात बसतो. कमी पडलेलं पीठ छोट्या तुकड्याने भरून काढायचं आणि तो तुकडा गोळ्याच्या पोटात, म्हणजे खालच्या बाजूला दाबून टाकायचा. वर राहिला तर ताणताना तिथेच शिवण उसवते. पाच ग्रॅम इकडे-तिकडे चालतात, त्याहून बारीक तोलत बसण्यात अर्थ नाही. मोठे गोळे आधी पाडा आणि मुलांचे नंतर. कारण चूक साचत साचत शेवटच्या गोळ्यावर येते, आणि सात इंचीचा सहा इंची झाला तर पाच वर्षांच्या पाहुण्याची तक्रार नसते.

गोळे वळून, तेलाचा हात लावून, झाकून पाऊण तास ठेवले की ताणायला तयार होतात. इथे वजनाविषयी एक गैरसमज नेहमी होतो. गोळा दहा इंचापर्यंत जातच नाही, सोडला की रबरासारखा आठवर परत येतो. लगेच वाटतं की पीठ कमी घेतलं. तसं नसतं, पिठाचा ताण अजून सुटलेला नसतो. ट्रेमध्ये तसाच पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग तो निमूटपणे कडेपर्यंत जातो. पीठ खरोखर कमी असेल तर खूण वेगळी दिसते: गोळा सहज पसरतो, पण उजेडासमोर धरला की मध्ये खिडकीसारखा पारदर्शक डाग दिसतो, काठ मात्र जाड असतो. अशा वेळी काठाकडचं थोडं पीठ बोटांनी आत ढकलता येतं. लाटण्याने लाटलं तर जाडी सगळीकडे सारखी होते हे खरं, पण फुगलेली हवाही निघून जाते आणि तेवढ्याच वजनाचा पिझ्झा भाजल्यावर चपटा दिसतो. पातळ कुरकुरीत हवा असेल तर खुशाल लाटा.

पीठ जास्त झाल्याचं मात्र भाजल्यावरच कळतं. तुकडा कापून कडेने पाहा. सॉसच्या लगेच खाली ओलसर, फिकट, चिकट थर असेल तर तिथलं पीठ शिजलेलं नाही. मग पुढच्या पिझ्झ्याला वीस ग्रॅम कमी करा किंवा सॉस कमी घाला. सॉस आणि चीज यांनाही क्षेत्रफळाचाच नियम लागू होतो, म्हणून त्यांचा वेगळा हिशेब मांडायला नको. २०० ग्रॅमच्या गोळ्याला ६० ग्रॅम सॉस आणि ८० ते १०० ग्रॅम चीज. आपल्या मेजवानीला पाऊण ते नऊशे ग्रॅम चीज लागेल.

मोजून केलेल्या गोळ्यांची खरी परीक्षा रांगेत होते. ओटीजीत एका वेळी एकच दहा इंची मावतो. दहा मिनिटं भाजायला, तीन मिनिटं पुन्हा तापायला, म्हणजे सहा पिझ्झ्यांना जवळपास सव्वा ते दीड तास, आणि मुलांचे वेगळे. मे महिन्यात स्वयंपाकघरात ३३-३४ अंश असताना पहिला गोळा भट्टीत जातो तेव्हा शेवटचा नुसता बसून फुगत असतो. तास-दीड तासात तो सैलावतो, आंबूस वास येऊ लागतो, उचलला की बोटांतून लोंबतो आणि मध्ये भोक पडतं. वजन दोघांचं तेच, २०० ग्रॅम, पण दुसरा पिझ्झा पातळ पानासारखा निघतो. यावर पीठ वाढवणं हा उपाय नाही. सगळे गोळे झाकून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दोन-दोन बाहेर काढायचे, भाजायच्या अर्धा तास आधी. थंडीत पाऊण तास आधी. मुलांचे सात इंची बेस तर सकाळीच चार-चार मिनिटं नुसते भाजून, गार करून, फडक्यात गुंडाळून ठेवावेत. संध्याकाळी त्यांनी वरून हवं ते पसरलं की पाच-सहा मिनिटांत चीज वितळतं, आणि गोळे लवकर संपल्यामुळे फ्रीजमध्ये मोठ्यांच्या पिझ्झ्यांना जागाही होते.

बेस सगळेच आधी भाजले नसतील आणि दोन मुलं आली नाहीत, तर १०५ ग्रॅमचे दोन गोळे उरतात. सातचा वर्ग ४९, दोन्हींचे मिळून ९८, म्हणजे दहाच्या शंभराला दोनच कमी. ते एकत्र दाबून नवा गोळा वळा आणि तासभर झाकून ठेवा, कारण पुन्हा वळल्यावर ताण परत येतो. मोठ्यांसाठी आणखी एक दहा इंची तयार.